ऑनलाइन विक्रेता आणि जीएसटी खातेवहीतील तफावत

ई-कॉमर्स मंचावरून विकलेल्या मालाची रक्कम विक्रेत्याच्या हाती पडते, तेव्हा तीतून मंचाचे कमिशन आणि वाहतूक खर्च यांबरोबरच कराची एक लहानशी रक्कमही वजा झालेली असते. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम ५२ नुसार मंच चालविणाऱ्या संस्थेने ही रक्कम विक्रेत्याच्या नावे शासनाकडे जमा करावयाची असते. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या या संकलनाचा दर प्रारंभी एक टक्का होता; १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का करण्यात आला. ही रक्कम विक्रेत्याचीच असून पुढील करभरणा करताना ती वापरता येते. मात्र अनेक छोट्या विक्रेत्यांना आपल्या हिशेबातील आकडा आणि जीएसटी खातेवहीतील आकडा जुळत नसल्याचे आढळते.

प्रथम रक्कम कोठे शोधावयाची हे स्पष्ट असले पाहिजे. खरेदीवरील कराची वजावट इलेक्ट्रॉनिक क्रेडिट खातेवहीत दिसते. मंचाने संकलित केलेली रक्कम मात्र रोख खातेवहीत जमा होते. तीही आपोआप जमा होत नाही. मंच दरमहा जीएसटीआर-८ हे विवरणपत्र पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरतो. त्यानंतर विक्रेत्याने पोर्टलवरील "TDS and TCS Credit Received" या पानावर जाऊन प्रत्येक नोंद स्वीकारावी अथवा नाकारावी आणि ते पत्रक सादर करावे लागते. खातेवही रिकामी दिसण्यामागे बहुधा ही राहून गेलेली कृतीच असते.

आता आकड्यांचा विचार करू. समजा, जयपूर येथील एक विक्रेता छापील चादरी विकतो आणि त्यांवर पाच टक्के जीएसटी लागतो. एका महिन्यात ग्राहकांनी करासह ४,२०,००० रुपये मोजले. विक्रेता या रकमेचा अर्धा टक्का, म्हणजे २,१०० रुपये, जमेस धरतो. परंतु कायद्यानुसार संकलन 'निव्वळ मूल्या'वर होते. त्यासाठी प्रथम कर वगळावा लागतो. उरतात ४,००,००० रुपये. मग त्या महिन्यात परत आलेल्या मालाचे मूल्य वजा होते. माल आधीच्या महिन्यात विकलेला असला, तरी तो ज्या महिन्यात परत आला त्याच महिन्यात वजा होतो. असा ६०,००० रुपयांचा माल परत आला असेल, तर निव्वळ मूल्य ३,४०,००० रुपये आणि संकलन १,७०० रुपये होते. विक्रेत्याला जाणवलेल्या ४०० रुपयांच्या फरकापैकी १०० रुपये करामुळे आणि ३०० रुपये परताव्यामुळे आले. ही तफावत नव्हे, गणनेच्या पद्धतीतील फरक होय.

यापुढची तपासणी करप्रकारानुसार करावी. परराज्यातील निव्वळ विक्री २,६०,००० रुपये असल्यास एकात्मिक कराच्या शीर्षाखाली १,३०० रुपये दिसावयास हवेत. राजस्थानातील ८०,००० रुपयांवर केंद्रीय आणि राज्य करांखाली प्रत्येकी पाव टक्का, म्हणजे २०० रुपये, दिसावयास हवेत. प्रत्यक्षात नोंदीत केंद्रीय व राज्य करांखाली दीडशे-दीडशेच रुपये असतील, तर एकूण १०० रुपयांचा फरक उरतो. एकात्मिक कराची रक्कम बरोबर असल्याने दोष राज्यांतर्गत व्यवहारांत आहे आणि तो २०,००० रुपयांच्या मूल्याएवढा आहे, हे लगेच कळते. मंचाच्या मासिक अहवालातील ऑर्डर क्रमांक पडताळले असता राज्यातील २०,००० रुपयांचा परतावा दोनदा वजा झाल्याचे उघड होऊ शकते.

ही खरी तफावत होय. ती नोंद स्वीकारण्यापूर्वीच शोधणे इष्ट. विक्रेत्याने ऑर्डर क्रमांकांसह मंचाला कळवावे आणि नोंद नाकारावी. मग मंच पुढील जीएसटीआर-८ मधील दुरुस्तीच्या तक्त्यात ती सुधारू शकतो. मात्र तोवर त्या नोंदीची संपूर्ण रक्कम अडकून राहते, हा नाकारण्याचा तोटा ध्यानात घ्यावा. मंचाच्या दुरुस्तीलाही आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरची किंवा वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या दिवसाची, यांपैकी जी आधी येईल ती, मर्यादा आहे.

आकडा जुळावा म्हणून स्वतःच्या जीएसटीआर-१ मधील विक्री कमी दाखविणे मात्र चुकीचे ठरते. त्या विवरणपत्रातील तक्ता १४ मध्ये मंचनिहाय निव्वळ मूल्य द्यावयाचे असते. तेथे खरे ३,४०,००० रुपयेच नोंदवावेत. वरील उदाहरणात मंचाने कमी विक्री दाखविल्याने विक्रेत्याचे नुकसान १०० रुपयांपुरते मर्यादित आहे. याउलट मंचाने दाखविलेली विक्री विक्रेत्याच्या विवरणापेक्षा अधिक असेल आणि कळवूनही ती विसंगती दूर झाली नाही, तर कलम ५२ नुसार तो फरक विक्रेत्याच्या करदायित्वात व्याजासह मिळविला जाऊ शकतो. म्हणूनच दर महिन्याच्या १० तारखेनंतर, नोंद स्वीकारण्याआधी, करप्रकारानुसार हे तीन आकडे मंचाच्या अहवालाशी ताडून पाहणे विक्रेत्याच्या हिताचे आहे.