निम्म्या जागा भरतात तिथे

हेरॉइनचा अतिरेक होऊन श्वास मंदावलेल्या माणसाला नॅलोक्सोन टोचलं, की तो बऱ्याचदा काही मिनिटांत नीट श्वास घेऊ लागतो. मेंदूतल्या पेशींवर अफूवर्गीय औषधांसाठी ठरावीक जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. नॅलोक्सोन त्या जागा घट्ट धरतं, पण अफूसारखा परिणाम करत नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सोलोमन स्नायडर यांनी याच नॅलोक्सोनला किरणोत्सारी ट्रिशियमची खूण लावून उंदरांच्या मेंदूच्या ऊतीत ते कुठे चिकटतं हे दाखवून दिलं. पण ‘घट्ट’ म्हणजे किती, हे आकड्यात सांगायचं कसं?

चिकटलेला रेणू कायमचा चिकटत नाही. तो सुटतो, दुसरा बसतो, तोही सुटतो. काही वेळाने बसणाऱ्यांचा आणि सुटणाऱ्यांचा वेग सारखा होतो. अशा समतोलात, द्रावणात मोकळ्या औषधाची जेवढी संहती असताना निम्म्या जागा भरलेल्या असतात, तो आकडा म्हणजे वियोजन स्थिरांक. प्रयोगशाळेत त्याला केडी म्हणतात. केडी जितका लहान तितकी पकड घट्ट, कारण थोड्याच औषधात निम्म्या जागा भरतात.

प्रयोगात एकाच ऊतीचे सारखे भाग नळ्यांत घेतात, प्रत्येकीत खूण लावलेल्या औषधाची संहती वाढवत नेतात, समतोल होऊ देतात आणि गाळणीवर ऊतीला चिकटून राहिलेलं औषध मोजतात. सोयीसाठी काल्पनिक आकडे घेऊ: एकूण जागा २००, केडी २ नॅनोमोलर. मोकळं औषध अर्धा नॅनोमोलर असेल तर ४० जागा भरतात, २ ला १००, ८ ला १६० आणि १८ ला १८०. आलेख आधी चढतो, मग वाकतो आणि २०० कडे सरकत राहतो. तिथे तो पोहोचत मात्र नाही. केडीच्या दहापट संहतीलाही सुमारे ९१ टक्केच जागा भरतात. म्हणून एकूण जागांचा आकडा वक्रावर नजरेने वाचायला गेलं की अंदाज बहुधा कमीच निघतो.

संगणक हाताशी नव्हते तेव्हा यातून सुटण्याचा मार्ग १९४९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज स्कॅचर्ड यांनी दिला. आडव्या अक्षावर चिकटलेलं औषध, उभ्या अक्षावर चिकटलेलं भागिले मोकळं. आपले बिंदू असे येतात: ४० वर ८०, १०० वर ५०, १६० वर २०, १८० वर १०. पट्टी ठेवली की सगळे एका उतरत्या रेषेत. रेषा आडव्या अक्षाला २०० वर छेदते, त्याच एकूण जागा. उतार उणे अर्धा, आणि त्याचा व्यस्त म्हणजे केडी, २ नॅनोमोलर.

सुंदर आहे खरं, पण फसवंही. औषध रिसेप्टरखेरीज पेशीच्या मेदात आणि गाळणीच्या कागदातही थोडं अडकतं. हे अडकणं संहतीच्या प्रमाणात वाढतच जातं, कधी भरत नाही. समजा, दर नॅनोमोलरमागे ते ५ आहे आणि आपण ते वजा करायला विसरलो. मग ८ नॅनोमोलरचा बिंदू (१६०, २०) ऐवजी (२००, २५) वर जातो आणि १८ चा (१८०, १०) ऐवजी (२७०, १५) वर. डावीकडचे बिंदू मात्र जवळपास जागच्या जागी राहतात. रेषा खोलगट वाकते. शेवटचे दोन बिंदू जोडून पुढे वाढवले तर एकूण जागा ३७५ आणि केडी ७ दिसतो, आणि अस्तित्वातच नसलेला, सैल पकडीचा दुसरा रिसेप्टर ‘सापडतो’! खरेच दोन प्रकारचे रिसेप्टर असले तरी रेषा अशीच वाकते, म्हणून नुसत्या आकारावरून काही ठरवता येत नाही. त्यासाठी प्रत्येक संहतीला जोडीची नळी ठेवतात. तिच्यात बिनखुणेचं औषध भरपूर टाकून रिसेप्टर अडवतात. तरीही जे मोजलं जातं ते उपरं, ते वजा करायचं.

दुसरी अडचण रचनेतच आहे. चिकटलेल्याचा आकडा दोन्ही अक्षांवर येतो, त्यामुळे त्यातली चूक बिंदूला एकाच वेळी आडवं आणि उभं हलवते. साध्या सरळ रेषेच्या गणिताला हे चालत नाही. म्हणून आज केडी संगणकाने मूळ वक्रावरूनच काढतात. स्कॅचर्डची रेषा नजरेने तपासायला ठेवावी, मोजायला नव्हे, असं माझं मत.

१९८२ मध्ये अर्व्हिंग क्लोट्झ यांनी ‘सायन्स’मध्ये आणखी साधी कसोटी मांडली: मोकळ्या औषधाची संहती लॉगॅरिदमच्या अक्षावर काढा. आलेख इंग्रजी एससारखा होतो आणि केडीपाशी त्याचा चढ मंदावू लागतो. मोजमापं त्या वळणाच्या पुढेच गेली नसतील, तर स्कॅचर्डची रेषा कितीही सरळ दिसो, एकूण जागांचा आकडा हा मोजलेला नसून पट्टीने पुढे ओढलेला असतो.