निर्णय लांबला, हे कळवायचं कसं?

समजा, पुण्याजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअरची जागा आहे. तिन्ही मुलाखती झाल्या, उमेदवार सगळ्यांना आवडला आणि एचआरच्या बाई '१४ तारखेपर्यंत कळवते' असं सांगून मोकळ्या झाल्या. १२ तारखेला समजलं की या जागेच्या बजेटची मंजुरी मुख्य कार्यालयात अडकली आहे. आता ईमेल लिहायचा तो त्याच दिवशी. १४ तारीख उलटून गेल्यावर तोच मजकूर सबब वाटतो.

बहुतेक ठिकाणी जातं ते एक ओळीचं उत्तर: 'प्रक्रिया सुरू आहे, लवकरच कळवू.' ते वाचून उमेदवाराला काहीच ठरवता येत नाही. त्यापेक्षा असं लिहावं:

'नमस्कार. १४ तारखेला निर्णय कळवते असं म्हटलं होतं, पण तो तोवर होणार नाही. तुमच्या मुलाखती पूर्ण झाल्या आहेत, आणखी फेरी नाही. जागेच्या बजेटला मुख्य कार्यालयाची मंजुरी यायची आहे आणि ती कधी येईल हे आमच्या हातात नाही. निर्णय होवो न होवो, २१ तारखेला मी तुम्हाला नक्की कळवेन. मधल्या काळात दुसरीकडून ऑफर आली आणि तिला मुदत असेल, तर मला फोन करा. आमचं ऑफर लेटर हातात पडेपर्यंत आमच्या भरवशावर राजीनामा देऊ नका.'

यात निर्णयाची तारीख दिलेली नाही, कारण ती बाईंना माहीतच नाही. पुढच्या निरोपाची तारीख मात्र त्यांच्या हातातली आहे, म्हणून तेवढीच दिली. राजीनाम्याची ओळ काही एचआरवाल्यांना खटकते. उमेदवार हातचा जाईल अशी भीती वाटते. पण आपल्याकडे दोन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. एकदा राजीनामा दिला आणि इकडची मंजुरी आलीच नाही, तर नुकसान त्याचं एकट्याचं होतं.

खरी अडचण येते ती उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर असतो तेव्हा. पहिल्याला ऑफर दिलेली असते, तो हो म्हणतो की नाही याची वाट चाललेली असते, आणि इकडे 'अंतर्गत मंजुरी बाकी आहे' असं ठोकून दिलं जातं. पहिल्याचं नाव किंवा पगार सांगायचं कारण नाही. 'आम्ही एका उमेदवाराशी बोलत आहोत, तरीही तुमचा विचार सुरू आहे' एवढं लिहिता येतं. हे वाचून काही जण दुसरीकडे जातील, हे मान्य. पण 'तुम्हीच आमची पहिली पसंती' असं लिहून थांबवून ठेवलेल्या माणसाला पुढे खरं कळलं, तर तो रुजू झाला तरी मनातून खट्टू असतो.

२१ तारखेलाही मंजुरी आली नाही, तर तसं कळवून पुढची तारीख द्यावी. तीही हुकली, तर आता ईमेल पुरत नाही. फोन करून, 'आमच्यासाठी थांबू नका, मंजुरी आली तर आम्हीच विचारू' असं स्पष्ट सांगावं.