गेम अडकतो तो राउटरच्या रांगेत

प्लॅन 50 एमबीपीएसचा असूनही ऐन सामन्यात गेम अडकतो, तेव्हा बहुतेक घरांत आधी आणखी वेगवान प्लॅनचा विचार होतो. खरं तर गेमला वेग फारसा लागत नाही. खेळाडूच्या हालचाली कळवणारी पॅकेट अगदी लहान असतात. ती वेळेवर पोहोचणं महत्त्वाचं.

घोटाळा बहुधा अपलोडमध्ये होतो. समजा, अपलोड 10 एमबीपीएस आहे आणि घरातल्या कुणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला. लाइनला झेपत नाही तो डेटा राउटर किंवा मोडेम फेकून न देता साठवत राहतो. असा अर्धा मेगाबाइट साचला, की तो बाहेर पडायला 0.4 सेकंद लागतात. गेमचं पॅकेट त्याच्या मागे उभं राहतं आणि 20 मिलिसेकंदांचा पिंग 400च्या पुढे जातो. या दुखण्याला जिम गेटिस यांनी ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ केलं.

ते ओळखणं सोपं आहे. संगणक केबलने राउटरला जोडायचा, म्हणजे वायफायचा दोष त्यात मिसळत नाही. मग विंडोजवर ही कमांड चालू ठेवायची:

```
ping -t 8.8.8.8
```

त्याच वेळी दुसऱ्या उपकरणावरून मोठी फाइल अपलोड करायची. आकडे एकदम चढले आणि अपलोड थांबवताच उतरले, तर रांग साचतेय हे नक्की. लाइन मोकळी असतानाही पिंग जास्तच असेल, तर कारण वेगळं.

उपाय म्हणजे रांग आटोक्यात ठेवणारं क्यूओएस. ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरवर `SQM QoS`मध्ये `cake` निवडायचं आणि मोजलेल्या वेगाच्या 90 टक्क्यांपासून सुरुवात करायची: डाउनलोडला 45000, अपलोडला 9000. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, कारण तेव्हाच रांग मोडेमऐवजी राउटरच्या ताब्यात येते. `cake` प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट देतं, त्यामुळे गेमचं पॅकेट बॅकअपमागे खोळंबत नाही. मग पुन्हा पिंग बघायचा. तो अजून चढत असेल तर आकडे आणखी कमी करायचे. साध्या राउटरवर ही सोय नसेल, पण `Bandwidth Control` असेल, तर बॅकअप घेणाऱ्या फोनच्या अपलोडलाच मर्यादा घालावी. नुसता ‘गेमिंग मोड’ सुरू केल्याने मोडेममधली रांग हटेलच असं नाही.

स्वस्त राउटरचा प्रोसेसर मात्र मोठ्या वेगाला हे काम पेलत नाही. एसक्यूएम लावल्यावर वेग ठरवलेल्या आकड्याच्याही बराच खाली आला, तर तेच कारण असण्याची शक्यता मोठी.

डीएनएस बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण डीएनएस फक्त सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधून देतो. 1.1.1.1 किंवा 8.8.8.8 टाकल्याने लॉगिन किंवा गेमचं दुकान लवकर उघडू शकेल. सामना सुरू झाल्यावर पॅकेट थेट त्या पत्त्यावर जातात, डीएनएसला कुणी विचारत नाही. सर्व्हर सिंगापूरला असेल, तर मुंबईहून फायबरमधून जाऊन यायलाच किमान 40 मिलिसेकंद लागतात आणि ते राउटरच्या कुठल्याही सेटिंगने कमी होत नाहीत. तिथे गेममध्येच जवळचा सर्व्हर निवडावा लागतो.