तिसऱ्या वर्षाची सुरुवात, पण ओळ दुसऱ्या वर्षाची

भांडवली गुंतवणुकीच्या गणितात रीत बरोबर असूनही उत्तर चुकलं, तर आधी टेबलातून घेतलेले आकडे तपासावेत. एक उदाहरण घेऊ. यंत्राची किंमत आज ५,००,००० रुपये. पुढची पाच वर्षं दर वर्षाअखेरीस १,३०,००० रुपये हाती येणार आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी भंगाराचे २०,००० मिळणार. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला दुरुस्तीला ६,५०० रुपये लागणार. दर १० टक्के.

दरवर्षी सारखीच रक्कम येते, म्हणून तिच्यासाठी ॲन्युइटीचं टेबल: पाच वर्षांचा फॅक्टर ३.७९१, मूल्य ४,९२,८३०. भंगाराची रक्कम मात्र एकदाच येते, म्हणून साधं टेबल: ०.६२१, मूल्य १२,४२०. दोन टेबलांची अदलाबदल झाली तर लगेच ओळखता येते. एकदाच येणाऱ्या रकमेचा फॅक्टर १ पेक्षा मोठा असूच शकत नाही. बेरीज ५,०५,२५०, त्यातून आजची किंमत वजा केली की ५,२५० उरतात. आजच्या पैशाचा फॅक्टर १, त्याला टेबल लागत नाही.

आता दुरुस्ती. प्रश्नात ‘तिसरं वर्ष’ दिसलं की हात आपोआप तिसऱ्या ओळीकडे जातो: ०.७५१, मूल्य ४,८८२. निव्वळ वर्तमान मूल्य ३६८ रुपये, म्हणजे यंत्र घ्यावं. पण टेबलातली प्रत्येक ओळ त्या वर्षाच्या शेवटाची असते. तिसऱ्या वर्षाची सुरुवात म्हणजे आजपासून दोनच वर्षं. फॅक्टर ०.८२६, मूल्य ५,३६९, आणि उत्तर उणे ११९. एका ओळीने निर्णयच उलटला! म्हणून गणित सुरू करण्याआधी एक रेघ ओढून तिच्यावर ० ते ५ मांडावेत आणि प्रत्येक रक्कम तिच्या जागी लिहावी. त्यात जाणारं अर्धं मिनिट मला अजिबात वाया गेलेलं वाटत नाही.

राहिला दशांशाचा प्रश्न. ॲन्युइटीचं टेबल न वापरता ०.९०९, ०.८२६, ०.७५१, ०.६८३ आणि ०.६२१ यांची बेरीज केली, तर ३.७९१ नव्हे, ३.७९० येते. प्रत्येक फॅक्टर आधीच तीन स्थळांपर्यंत आणलेला असल्याने हा फरक पडतो. ती चूक नव्हे. आपल्या गणितात त्याने १३० रुपये कमी होतात आणि उत्तर उणे २४९ येतं. शेजाऱ्याचं उत्तर असं थोडंसं वेगळं आलं म्हणून आपलं खोडू नये. फरक हजारांत असेल, तर मात्र ओळ किंवा टेबल पुन्हा पाहावं.

प्रश्नपत्रिकेत फॅक्टर दिलेले असतील तर तेच, आहेत तितक्याच स्थळांपर्यंत वापरावेत. ०.८२६ चे सोयीसाठी ०.८३ करू नयेत. रुपयांत पूर्णांक करायचा तो गुणाकारानंतर. फॅक्टरांचा रकाना उत्तरपत्रिकेत वेगळा ठेवावा, म्हणजे कुठला आकडा कुठून आला हे तपासनिसाला दिसतं.