हिरवळीभोवतीचा रस्ता कुठून मोजायचा?

‘एका वर्तुळाकार हिरवळीची त्रिज्या २१ मीटर आहे. तिच्याभोवती ७ मीटर रुंदीचा रस्ता आहे. रस्त्याचे क्षेत्रफळ काढा.’ या धर्तीचं गणित शाळेत गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने सोडवलेलं असतं. आकडे सातच्या पाढ्यातले, कारण पायची किंमत २२/७ घ्यायची आणि छेदातला सात उडाला पाहिजे. मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ वजा केलं की १०७८ चौरस मीटर येतात आणि मूल पुढच्या गणिताकडे वळतं.

या गणितात चूक काही नाही, पण बागेशी त्याचा संबंधही नाही. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावरून दोन ट्रक समोरासमोर जाऊ शकतात. हिरवळीभोवती फिरायला एवढा रस्ता कोणी करत नाही. ‘भोवती’ म्हणजे हिरवळीच्या बाहेरून की हिरवळीचाच कडेचा पट्टा काढून, हेही सांगितलेलं नाही. आणि त्रिज्या मोजली कोणी? प्रत्यक्षात मध्ये कारंजं किंवा झाड असतं, आणि नेमका मध्यबिंदू कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. बागेत काम करणारा माणूस टेप घेऊन कडेकडेने फिरतो. त्याच्या हाती येतो तो परीघ.

म्हणून नववीच्या मुलांसाठी हे गणित मी परिघापासून बांधतो. ते असं:

‘बागेतल्या वर्तुळाकार हिरवळीच्या कडेने टेप फिरवली तेव्हा परीघ ११० मीटर भरला. हिरवळीच्या बाहेरून, तिच्या कडेला लागून, सगळीकडे सारख्या १.४ मीटर रुंदीचा रस्ता करायचा आहे. (अ) रस्त्याचे क्षेत्रफळ किती? (आ) रस्त्याच्या दोन्ही कडांना दगडी काठ बसवायचा, तर एकूण किती मीटर काठ लागेल? (इ) हिरवळीचा परीघ २२० मीटर असता, तर रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किती मीटरने लांब असती? (π = २२/७ घ्या.)’

आकडे असेच का, ते सांगतो. परीघ ११० म्हणजे व्यास ३५ आणि त्रिज्या १७.५. रस्ता १.४ मीटर, म्हणजे दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा. बाहेरची त्रिज्या १८.९ होते. आता जो मुलगा दोन्ही त्रिज्यांचे वर्ग करायला बसेल त्याला ३५७.२१ आणि ३०६.२५ यांच्याशी झुंजावं लागेल. उत्तर त्यालाही मिळेल, पण घाम गाळून. ज्याला दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र आठवेल तो १.४ गुणिले ३६.४ करेल, १.४ ला सातने भागून बावीसने गुणेल, आणि ४.४ गुणिले ३६.४ म्हणजे १६०.१६ चौरस मीटर हे उत्तर दोन ओळींत लिहील. नववीत येईपर्यंत हे सूत्र बीजगणिताच्या वहीत असतंच, भूमितीत ते वापरायची वेळ मात्र क्वचितच येते. सोपे वर्ग मुद्दाम टाळले, ते यासाठी.

आकडे ठरवताना दुसरी गोष्ट पाहायची ती चुकांची. मुलं या गणितात ठरावीक जागी घसरतात, आणि प्रत्येक घसरणीचं उत्तर वेगळं यायला हवं, म्हणजे वही पाहताच कळेल की मूल कुठे अडलं. १४७.८४ आलं, तर त्याने रस्ता हिरवळीच्या आत घेतला. ७८.५४ आलं, तर व्यासात रुंदी एकदाच मिळवली. रस्ता दोन्ही बाजूंना आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ६.१६ आलं, तर दोन त्रिज्यांची आधी वजाबाकी करून मग वर्ग केला. इथे शिक्षकाला एक सावधगिरी बाळगावी लागते. व्यासात रुंदी एकदाच मिळवणाऱ्याच्या वहीत ३६.४ दिसतं, आणि बरोबर सोडवणाऱ्याच्या वहीतही, कारण दोन त्रिज्यांची बेरीज तेवढीच येते. तो आकडा पाहून लगेच फुली मारू नये; त्याचं पुढे काय केलं ते बघावं.

याच कारणासाठी मी आकृती छापत नाही. आकृती दिली की रस्ता आत की बाहेर, रुंदी एकदा की दोनदा, हे सगळं आयतं मिळतं आणि उरतो नुसता गुणाकार. आकृती मुलांनी काढायची, आणि तिला गुण द्यायचे.

६.१६ या चुकीच्या उत्तरापाशी मात्र वर्गात जरा थांबावं. शंभर मीटरहून लांब रस्ता सहा चौरस मीटरचा, म्हणजे एका लहानशा खोलीएवढा कसा असेल, एवढं विचारलं की मूल स्वतःच चपापतं. मग विचारायचं की रस्ता आतल्या कडेपाशी कापून सरळ उलगडला तर काय होईल. आतली कड ११० मीटर, रुंदी १.४ मीटर, म्हणजे १५४ चौरस मीटरचा आयत. काही मुलं इथेच थांबतात आणि १५४ उत्तर लिहितात. पण बाहेरची कड ११८.८ मीटर आहे, म्हणून आयतात बसत नाहीत असे चिंचोळे तुकडे उरतात. ते सगळे एकत्र केले की किती? १६०.१६ वजा १५४, म्हणजे बरोबर ६.१६. रस्त्याच्या रुंदीएवढी त्रिज्या असलेलं एक वर्तुळ! मघाशी जे चुकीचं ठरलं, तो खऱ्या उत्तराचाच एक तुकडा होता. परीघ गुणिले रुंदी, अधिक रुंदीच्या त्रिज्येचं वर्तुळ: रस्त्याचं क्षेत्रफळ असंही मांडता येतं, आणि त्यात हिरवळीची त्रिज्या लागतच नाही.

परीघ दिल्याचा आणखी एक फायदा यातूनच कळतो. २२/७ ही पायची खरी किंमत नव्हे, ती किंचित जास्त आहे. पण इथे पाय लागतो तो फक्त त्या छोट्या वर्तुळापुरता. एखाद्याने ३.१४ घेऊन याच वाटेने गणित केलं तर १६०.१५ येईल. रस्त्यावर २० बाय १० सेंटिमीटरचे पेव्हर ब्लॉक बसवायचे म्हटले, तर हा फरक एका ब्लॉकएवढाही नाही.

(आ) मध्ये काठाची लांबी ११० अधिक ११८.८, म्हणजे २२८.८ मीटर. इथे आतली कड विसरली जाते, एवढंच लक्षात ठेवायचं. खरी गंमत (इ) मध्ये आहे. बहुतेक मुलं म्हणतात, हिरवळ दुप्पट घेराची झाली तर फरकही दुप्पट होईल: १७.६ मीटर. आकडेमोड केल्यावर २२८.८ वजा २२०, पुन्हा ८.८ च येतात. फरक रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, हिरवळीच्या घेरावर नाही. याला सूत्राने पटवण्याआधी मैदानावर चुन्याने एक लहान आणि एक मोठं वर्तुळ आखावं, प्रत्येकाबाहेर एक मीटर सोडून दुसरं आखावं, आणि दोरीने चारही घेर मोजायला लावावे. दोन्हीकडे सव्वासहा मीटरच्या आसपास फरक निघतो. दोरी ताणली जाते, सैल पडते, त्यामुळे दहावीस सेंटिमीटर इकडेतिकडे होतातच. पण दुप्पट होत नाही, हे दिसतं.

हुशार मुलांसाठी चौथा प्रश्न राखून ठेवावा. हिरवळ चौरस असेल, घेर तोच ११० मीटर, रस्ता तेवढाच रुंद, आणि चारही कोपरे गोलाई देऊन वळवलेले, तर क्षेत्रफळ किती? चार बाजूंचे चार आयत मिळून १५४ होतात. प्रत्येक कोपऱ्यात १.४ मीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ बसतं. चार पाव मिळून एक पूर्ण वर्तुळ, ६.१६. उत्तर पुन्हा १६०.१६. हिरवळ लंबगोल असली तरी तेच, फक्त तिचा काठ कुठे आत वळलेला नको. माळ्याने आखलेलं वर्तुळ थोडं वाकडं असलं तरी कंत्राटदाराचा हिशेब का बिघडत नाही, ते मुलांना इथे उमगतं.