सुनेला भेटायला जाताना

घरात माणूस गेलं की भेटायला येणारे आधी मुलाजवळ बसतात, मग माहेरी आलेल्या लेकींजवळ. सून तेव्हा सतरंज्या घालत असते, पाणी आणून देत असते, रात्री किती पानं होतील याचा अंदाज घेत असते. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलंच, तर ‘सगळं तूच केलंस गं’ एवढं म्हणून विषय संपतो. सुतकाचा हिशेब मात्र याच्या नेमका उलटा आहे. रूढीप्रमाणे लग्न झालेल्या लेकीला आईवडिलांचं सुतक तीन दिवसांचं आणि सुनेला पूर्ण दहा दिवसांचं. रूढीने तिला त्या घरची धरलं. दुःख विचारायची वेळ आली की आपणच तिला परकी करतो.

ज्या दुःखाला भोवतालचे लोक दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत, त्यावर अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये पुस्तक संपादित केलं. असं दुःख उरकत नाही, कारण ते बोलून दाखवायला जागाच नसते.

आपल्याकडे नेहमी दिसणारं एक घर घेऊ. सासूबाईंना पक्षाघात झालेला, उजवी बाजू गेलेली, घास गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी. नळीने भरवायचं तर डोक्याकडची बाजू उंच हवी, आणि भरवल्यानंतरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायला हवी. नाहीतर अन्न उलटून श्वासनलिकेत जायची भीती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाडाशी कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबूनही लाली गेली नाही, की जखम सुरू झाली असं समजायचं. हे सगळं सुनेला पाठ झालेलं असतं. मुलगा नोकरीवर जातो, लेकी महिन्यातून एकदा येऊन आईच्या हातात हात घालून बसतात. रात्री तीनचा गजर मात्र सुनेच्या उशाशी असतो.

माणूस गेल्यावरही तिची झोप त्याच वेळेला मोडते. हात सवयीने औषधांच्या डब्याकडे जातात. सुटल्यासारखं वाटतं आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटते. अशा वेळी भेटायला आलेलं कुणी म्हणतं, ‘त्याही सुटल्या आणि तूही सुटलीस.’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण जे तिने स्वतःशीही कबूल केलेलं नाही ते चारचौघांत बोललं जातं. सुटकेचा शब्द तिच्या तोंडून आला तर ऐकून घ्यावा. आपण होऊन काढू नये. ‘शेवटी काय झालं गं?’ हा प्रश्नही मला निर्दयी वाटतो. शेवटच्या रात्रीचा जबाब ती आधीच वीस जणांना देऊन बसलेली असते, आणि प्रत्येक वेळी आपलं काही चुकलं का, हे मनात तपासत असते.

मैत्रिणीने तिला वेगळं काढून भेटावं. नवऱ्याच्या फोनवर नव्हे, तिच्या फोनवर बोलावं किंवा लिहावं. मजकूर साधा असला तरी चालतो: ‘आई गेल्याचं कळलं. इतकी वर्षं तू रात्री उठून त्यांची कूस बदलायचीस, हे मला माहीत आहे. उत्तर लगेच देऊ नकोस. गुरुवारी दुपारचा डबा मी आणते, तू स्वयंपाकघरात जाऊ नकोस.’ यात तिने केलेल्या कामाचं नाव आहे आणि मदतीचा वार ठरलेला आहे. ‘काही लागलं तर सांग’ म्हटलं की सांगायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं.

सासू-सुनेचं पटत नसेल तर शब्द आणखी जपून वापरावेत. ‘तुला आईसारख्याच होत्या’ हे अशा घरात खोटं ठरतं, आणि तिला त्या खोट्याला मान डोलवावी लागते. जिने टोचून बोललं तिचंच अंग पुसलं, या बाईचा राग आणि रडू एकत्र येतं. ‘सोपं नव्हतं तुझं’ एवढं म्हणून तिला बोलू द्यावं.

जावयाची तऱ्हा निराळी. बायको एकुलती एक असेल तर रुग्णालयाची बिलं, मेडिक्लेमचे कागद, शववाहिका हे सगळं तो बघतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, तीही बहुधा त्याच्याच अंगावर पडते. अग्नी द्यायला मात्र अनेक घरांत पुतण्या पुढे होतो आणि जावई पाहुण्यांसारखा मागे उभा राहतो. त्याचे मित्र ‘वहिनी कशा आहेत?’ विचारून फोन ठेवतात. त्यालाही विचारावं, की सासऱ्यांशी तुझं कसं होतं, आणि तो बोलायला लागला तर घड्याळाकडे बघू नये.

तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, एअर बेड आणि व्हीलचेअर कुणाला तरी देऊन टाकायची वेळ येते. त्या आठवड्यात मैत्रिणीने पुन्हा जावं. त्या खोलीतलं सामान आवरायला दोन हात लागतातच, आणि आवरता आवरता ती जे सांगेल ते दहा दिवसांत कुणी विचारलेलं नसतं.