सव्वासहा ते सात

जिल्ह्याच्या गावी रुग्णालयाला जोडलेलं नर्सिंग कॉलेज असतं आणि त्या कॉलेजचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. त्यात वसतिगृहात राहणाऱ्या मुली असतात, खेडोपाडीचे पालक असतात आणि रात्रपाळी करणारी मंडळीही असतात: वॉर्डातल्या सिस्टर, वसतिगृहाच्या रेक्टर, गेटवरचे वॉचमन. पालकसभेची तारीख बदलली की ऑफिसातले क्लार्क दुपारी एकच्या सुमारास, जेवायला उठायच्या आधी, तो मेसेज ग्रुपवर टाकून मोकळे होतात. त्या वेळी मुली वॉर्डात किंवा वर्गात असतात आणि फोन पिशवीत बंद असतो. पालक शेतात असतात. रात्रीची ड्युटी करून आलेल्या सिस्टर नुकत्या कुठे गाढ झोपलेल्या असतात. दुपारी एक ही फक्त क्लार्कच्या सोयीची वेळ आहे.

तिघांनाही सोयीची वेळ शोधायची तर कागदावर चोवीस तासांच्या तीन आडव्या पट्ट्या काढाव्यात, प्रत्येक गटासाठी एक. झोप, काम आणि प्रवास यांचे तास पेन्सिलीने काळे करत जावं आणि तिन्ही पट्ट्यांत एकाच वेळी पांढरं काय उरतं ते पाहावं. सुरुवात मात्र रात्रपाळीच्या पट्टीपासून करावी, कारण तिच्यात पांढरी जागा सर्वांत कमी असते. आपण सहसा उलटं करतो. संख्येने जास्त असलेल्या पालकांची सोय आधी बघतो आणि नाईटवाल्यांना उरलेल्यात बसवतो.

बऱ्याच रुग्णालयांत रात्रीची ड्युटी आठ ते आठ असते. सकाळी आठला सुटी झाली तरी हँडओव्हर द्यावा लागतो. कोणत्या पेशंटला काय चाललंय, कोणाचं सलाईन कधी लावलं, काय राहिलं, हे सगळं सांगून बाहेर पडेपर्यंत साडेआठ होतात. मग बस, घर, आंघोळ, दोन घास. साडेदहाच्या पुढे झोप लागते ती चार-पाचला मोडते. साडेसातला पुन्हा वॉर्डात पोहोचायचं म्हणजे सातला घर सोडायचं. असा हिशेब केला की त्यांच्याकडे फोन नीट बघण्याजोग्या दोनच खिडक्या उरतात: सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात.

सकाळची खिडकी बाद होते. मुली तेव्हा वॉर्डात पोस्टिंगवर असतात आणि पालक रानात निघालेले असतात. शिवाय प्रत्येक ग्रुपवर सकाळी फुलं, सूर्योदय आणि सुविचारांचा पूर येतो. त्या ढिगाखाली गेलेली सूचना वर काढून वाचण्याइतका उत्साह कोणात नसतो. उरली संध्याकाळ. पाचला मुली वर्गातून सुटून वसतिगृहावर येतात, चहा घेतात, फोन हातात येतो. पालक मात्र पाचला अजून रानातच असतात. दिवेलागणीला, सहाच्या पुढे, ते घरी येतात. काहींना गाईम्हशींची धार काढून डेअरीवर दूध घालायचं असतं, पण तिथं रांगेत उभं असताना फोन बघितला जातोच. तिन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की पांढरा भाग दिसतो तो साधारण सव्वासहा ते सात. पाऊण तास. साडेसहाला मेसेज टाकावा. पाऊणेसातला टाकला तर सिस्टर डबा भरण्याच्या गडबडीत असतात आणि सातच्या पुढे त्या रस्त्यावर असतात.

साडेसहालाही सगळे सापडत नाहीत. दुपारी दोन ते आठ वॉर्डात असलेल्या मुली आठनंतरच पाहणार. आणि पालकांत एक गट असा असतो की ज्याला आपण रात्रपाळीत धरतच नाही. शेतीपंपाला काही दिवस रात्रीची लाईट असते, तेव्हा बाप रात्रभर दारं मोडत पाणी देत असतो आणि दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपतो. त्याच्या पट्टीवरही सिस्टरसारखेच काळे डाग पडतात. त्याला पगारी रात्रपाळी भत्ता मिळत नाही, एवढाच फरक.

चुकीच्या वेळेला पाठवलेला मेसेज फार तर उशिरा वाचला जातो, असं वाटतं. खरं नुकसान वेगळंच असतं. दुपारी दीडला फोन वाजतो आणि दिवसाची, आधीच कच्ची असलेली झोप मोडते. एकदा मोडलेली झोप पुन्हा लागायला तासभर जातो, आणि रात्री इंजेक्शनं भरायची असतात. दुसऱ्यांदा असं झालं की सिस्टर ग्रुप म्यूट करतात. व्हॉट्सअ‍ॅप तिथं तीन पर्याय देतं: आठ तास, एक आठवडा, कायम. वैतागलेला माणूस आठ तास निवडत नाही. त्यानंतर तुम्ही कितीही चांगली वेळ शोधा, त्या घरात आवाज होणार नाही. पालकांचं उलट आहे. रात्री अकराला, मुलींच्या सोयीने, कॉलेजच्या ग्रुपवर काही टाकलं तर पोरगी परगावी असलेल्या आईच्या पोटात आधी गोळा येतो आणि मग ती चष्मा शोधते. मेसेज असतो गणवेशाच्या मापाचा.

म्यूट केलेल्या माणसाला गाठायची एक वाट उरते. मेसेजात ॲटचं चिन्ह देऊन त्याचं नाव घातलं तर ग्रुप म्यूट असूनही त्याला सूचना जाऊ शकते. पण ही वाट जपून वापरावी. रोज नाव घेऊन हाका मारल्या की तो ग्रुपच सोडून जातो.

आता वेळ बरोबर होती की नाही हे कसं कळणार? निळ्या खुणांवर विसंबून चालत नाही. ग्रुपमध्ये दोन करड्या खुणा सगळ्यांच्या फोनवर मेसेज पोहोचला की येतात आणि सगळ्यांनी वाचल्यावर त्या निळ्या होतात. दीड-दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये कोणाचा तरी फोन बंद, कोणाचा रिचार्ज संपलेला. निळी खूण महिनाभरही येणार नाही. त्याऐवजी आपण पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरावं आणि इन्फो उघडावं. तिथं कोणी वाचला आणि कोणाला नुसता पोहोचला, अशा दोन याद्या वेळेसकट दिसतात. एकेकट्याशी बोलताना निळी खूण बंद करता येते, पण ग्रुपमध्ये ती लपत नाही, त्यामुळे ही यादी बऱ्यापैकी खरी असते. बऱ्यापैकीच. कोणी न वाचता नुसता ग्रुप उघडला तरी नाव चढतं आणि कोणी बंद पडद्यावर डोकावून सगळं वाचलं तरी चढत नाही.

ही यादी दोनदा बघावी. पहिल्यांदा त्याच रात्री नऊला. साडेसहा ते साडेसात या वेळात तिन्ही गटांतली नावं मिसळून आलेली असतील तर वेळ जमली. नुसत्या मुलीच वर असतील आणि पालक पोहोचलेल्यांच्या यादीत पडून असतील तर वेळ थोडी पुढे न्यावी. पालक कोणत्याच यादीत नसतील तर दोष वेळेचा नाही, त्यांच्याकडे नेट नाही. तिथं साधा एसएमएस किंवा फोन लागतो. दुसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला बघावी. तोवर आदल्या संध्याकाळी हुकलेल्या सिस्टरही घरी पोहोचून फोन उघडतात. त्यानंतरही जी नावं उरतात तीच खरी यादी. तेवढ्यांनाच फोन करावेत. अख्ख्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा टाकण्याची आपल्याकडे फार हौस आहे. पण ज्यांनी वाचलाय त्यांनाच तो पुन्हा वाजतो आणि म्यूटवाल्यांच्या संख्येत भर पडते. त्यापेक्षा मूळ मेसेज वर पिन करून ठेवावा. चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस असे पर्याय मिळतात. सभेसाठी सात दिवस पुरतात.

मेसेज कसा लिहिलाय यावरही वेळ अवलंबून असते. सिस्टर डबा भरता भरता बंद पडद्यावरच्या पहिल्या एक-दोन ओळी पाहतात. तिथं लेटरहेडवरच्या नोटिशीचा फोटो असेल तर त्यांना ‘फोटो’ एवढंच दिसतं. पीडीएफ असेल तर फाइलचं नाव. त्या म्हणतात, नंतर बघू, आणि ड्युटीवर जातात. म्हणून मुद्दा अक्षरांत आणि पहिल्या ओळीत हवा:

‘पालकसभा आता रविवारी १५ तारखेला सकाळी ११ वाजता. शनिवारची सभा रद्द. येणाऱ्यांनी गुरुवारी रात्री ९ पर्यंत मुलीचं नाव कळवावं.’

‘सर्व संबंधितांना कळवण्यात येते की’ या वर्षानुवर्षं चालत आलेल्या सुरुवातीने ती पहिली ओळ फुकट जाते. सहीशिक्क्याची नोटीस खाली जोडावी, हवी त्याने उघडावी.

या मेसेजात गुरुवार कुठून आला? मेसेज मंगळवारी साडेसहाला गेला. बुधवार संध्याकाळपर्यंत प्रत्येक गटाची जागं होण्याची एक फेरी पूर्ण होते. पण बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तो थोरल्या मुलाकडे असतो. त्याने वाचायचं, आईला सांगायचं, आईने वडिलांशी बोलायचं, कामावर खाडा करायचा की नाही ते ठरवायचं. त्याला आणखी एक रात्र द्यावी लागते. ‘आज रात्रीपर्यंत कळवा’ असं म्हटलं की साडेसहाची निवड वाया गेली. सिस्टरांच्या वाट्याला दहा मिनिटं येतात आणि उरलेली रात्र त्या कामात असतात.

साडेसहा ही वेळ मात्र आहे तशी उचलून दुसरीकडे नेऊ नये. चाकणच्या कारखान्यातला तिसऱ्या पाळीचा कामगार रात्री उशिरा कंपनीच्या बसने निघतो, त्याला साडेसातही चालेल. अमेरिकेच्या वेळेवर चालणाऱ्या कॉल सेंटरमधल्यांची गाडी संध्याकाळीच दारात येते आणि कामाच्या जागी अनेक ठिकाणी फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्यांना दुपारी दोन-तीनला गाठणंच बरं. तिकडे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासाने पुढेमागे होतात, तेव्हा यांची पाळीही तासाने सरकते आणि पट्टी नव्याने काढावी लागते. वॉर्डातली नाईटही फिरती असते. या आठवड्यात ज्यांना लागली त्या पुढच्या आठवड्यात मॉर्निंगला असतील, म्हणून पट्टी माणसाची न काढता पाळीची काढावी.

आणि हे सगळं थांबू शकणाऱ्या निरोपांसाठी आहे. वसतिगृहात रात्री एखादी मुलगी आजारी पडली, तर कुठलीच वेळ शोधत बसू नये आणि ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. तिच्या घरी थेट फोन करावा.